पहिल्या सादरीकरणाआधी मनात म्हणायच्या ओळी: कोणत्या, कधी, आणि थांबायचं कुठे

पहिल्यांदा माइकसमोर उभं राहायचं होतं तेव्हा मी खुर्चीत बसून मनात एकच वाक्य घोकत होतो: ‘मी घाबरत नाही, मी घाबरत नाही.’ नाव पुकारलं गेलं, मी उठलो आणि सुरुवातीचं वाक्यच गायब झालं होतं. डोक्यात अजून ‘घाबरत नाही’ची रेकॉर्ड वाजत होती. आपण नेमकी कोणती चूक केली ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. खरं तर चुका तीन होत्या: वाक्य खोटं होतं, त्यात भीतीचंच नाव होतं, आणि ते कधी बंद करायचं हे मी ठरवलेलंच नव्हतं.

मनात ओळी म्हणण्याने फायदा होतो, पण कोणतीही ओळ कशीही म्हटली तर नाही. पुढची रीत एका उदाहरणावर दाखवतो. समजा मीरा नावाची एक मुलगी आहे. सहा महिने केलेल्या कामाबद्दल तिला चाळीसेक लोकांसमोर बारा मिनिटं बोलायचं आहे. सादरीकरण तीन दिवसांवर आलंय आणि आयुष्यात ती पहिल्यांदाच अशी उभी राहणार आहे.

आधी मन काय बोलतंय ते लिहून काढा

नवीन ओळी बनवण्याआधी जुन्या ऐका. कारण मन गप्प बसलेलं नसतंच, ते आधीपासून बोलत असतं. तीन दिवस आधी एक कागद घ्या, डोळे मिटून तो क्षण डोळ्यांसमोर आणा (नाव पुकारलं, उठलात, सगळ्या माना वळल्या) आणि त्या वेळी आत जे उमटेल ते जसंच्या तसं लिहा. भाषा सुधारू नका. ‘मला थोडी चिंता वाटते’ हे वाक्य कागदासाठी लिहिलेलं आहे, मनातलं वाक्य असं नसतं.

मीराच्या कागदावर हे आलं:

‘आवाज थरथरणार. छाती किती धडधडतेय.’
‘सगळ्यांना कळणार की माझी फाटलीय.’
‘मधेच विसरले तर? तोंडघशी पडणार.’

बहुतेकांच्या कागदावर फिरून फिरून याच तीन गोष्टी येतात: शरीर, लोक आणि चूक. तुमच्या कागदावर दहा वाक्यं असली तरी ती या तीन ढिगांत मावतील. प्रत्येक ढिगाला एकच ओळ द्यायची. तीनपेक्षा जास्त ओळी ऐनवेळी आठवत नाहीत आणि त्या आठवण्याचं एक नवं टेन्शन डोक्यावर बसतं.

ओळ कशी असावी

पहिली अट, ती तुम्हाला पटलेली हवी. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य स्वतःशी म्हटल्यावर, ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळातच खालचं होतं त्यांना बरं वाटण्याऐवजी उलट वाईट वाटलं. वाक्य म्हणताक्षणी आतून कोणीतरी ‘कशावरून?’ असं विचारतं आणि मन विरुद्ध बाजूचे पुरावे गोळा करायला लागतं. म्हणून ‘मी उत्तम वक्ता आहे’ ही ओळ पहिल्यांदा बोलणाऱ्याने मुळीच घेऊ नये. ओळ तयार झाली की स्वतःला विचारा, हे मला दहापैकी किती पटतं? सातच्या खाली उत्तर आलं तर ओळ बदला. सात हा आकडा माझ्या अनुभवातला आहे, पण तो मला कामाला येतो.

दुसरी अट, ओळीत ‘नको’ आणि ‘नाही’ नसावं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचा 1987 चा पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि विचार आला की घंटी वाजवायला सांगितलं. घंट्या वाजतच राहिल्या. ‘घाबरू नकोस’ म्हणताना भीतीचा विचार येतोय का हे मनाला सतत तपासत राहावं लागतं आणि तपासायचं तर तो विचार जवळ ठेवावा लागतो.

तिसरी अट लांबीची. ओळ एका उच्छ्वासात, आरामात, साधारण दोन सेकंदांत मनात म्हणून व्हावी. आपण आत बोलतो तेव्हा जी तात्पुरती स्मृती वापरतो तिला साधारण तेवढाच आवाज एका वेळी धरता येतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली यांच्या 1970च्या दशकातल्या कामातून ही गोष्ट पुढे आली. ‘मी या विषयाचा सखोल अभ्यास केलेला असल्यामुळे मला आत्मविश्वास वाटतो’ हे वाक्य घाबरलेल्या माणसाला अर्ध्यातच सुटतं. सुटलं की आणखी एक हरल्याची भावना.

‘मी’ की ‘तू’?

इथे मराठी माणसाला एक सोय आयतीच मिळते. दुखलं-खुपलं की आपण स्वतःला ‘चल रे, ऊठ आता’ असं म्हणतोच. मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी 2014 मध्ये हेच तपासलं. भाषणाआधी काहींनी ‘मी’ म्हणून स्वतःशी विचार केला, काहींनी स्वतःचं नाव घेऊन आणि ‘तू’ म्हणून. नाव घेणाऱ्यांना कमी त्रास झाला, त्यांचं भाषण चांगलं झालं आणि नंतर ते त्याच गोष्टीचा काथ्याकूट कमी करत बसले. मित्राला सल्ला देताना डोकं शांत असतं ना, तेवढंच अंतर नावामुळे स्वतःपासून मिळतं.

नाव कोणतं घ्यायचं यावर मात्र जरा विचार करा. आपल्याकडे पूर्ण नावाने हाक मारली जाते ती बऱ्याचदा रागावताना. हजेरीच्या सुरातलं किंवा ओरडा खाल्ल्याच्या सुरातलं नाव मनात घेतलंत तर छातीत आणखी धस्स होईल. घरातलं, लाडाचं किंवा जवळच्या मित्राच्या तोंडचं नाव घ्या. आणि ‘तू’च म्हणा. ‘तुम्ही’ने फार औपचारिक वाटतं, जणू तुम्ही स्वतःचेच साहेब.

मीराला घरी ‘मीरू’ म्हणतात. तिने तेच घेतलं.

पहिली ओळ, शरीरासाठी

या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

धडधडणारी छाती, ओले तळवे, कोरडा घसा. ही सगळी शरीराने काम करायची तयारी केल्याची खूण आहे. आपण तिला ‘भीती’ हे नाव देतो आणि मग शांत व्हायला निघतो. पण दहा मिनिटांत माणूस त्या अवस्थेतून शांत अवस्थेत सहज येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं की भाषणाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ म्हणणारे जास्त वेळ बोलले आणि ऐकणाऱ्यांना जास्त पटवून देणारे वाटले. भीती आणि उत्साह दोन्हींत छाती सारखीच धडधडते. म्हणून धडधड थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं जातं.

अडचण मराठीची आहे. ‘मी उत्साहात आहे’ हे वाक्य आपण आयुष्यात कधीच उच्चारत नाही. मनात म्हटलं की बातमीपत्र वाचल्यासारखं वाटतं. ते तसंच घेऊ नका. आपल्याकडे याच अवस्थेसाठी चांगले जिवंत शब्द आहेत: ‘हात शिवशिवतायत’, ‘अंगात जोर आलाय’, ‘सुरू करायची घाई झालीय’, ‘आता होऊन जाऊ दे’. तुमच्या तोंडी जो बसतो तो घ्या.

मीराने आधी ‘अंगात जोर आलाय’ घेतली आणि स्वतःला विचारलं, किती पटतं? चार. जोर कसला, पाय लटपटतायत. मग तिने ओळ दोन पायऱ्यांची केली: ‘धडधडतंय, धडधडू दे. अंग जागं झालंय.’ आठ. कारण पहिल्या अर्ध्यात खरी गोष्ट मान्य केली आहे, त्यामुळे आत भांडण उरत नाही, आणि दुसऱ्या अर्ध्यात नाव बदललं आहे. ओळ थोडी लांब आहे, म्हणून तिने ती दोन उच्छ्वासांवर वाटली. पहिला अर्धा एका उच्छ्वासावर, दुसरा पुढच्या. श्वास आत घेताना काही म्हणायचं नाही. तसं करायला लागलं की लोक मोठमोठे श्वास ओढतात आणि चक्कर येते.

दुसरी ओळ, लोकांसाठी

मीराला वाटतं की आतली भीती बाहेर सगळ्यांना स्वच्छ दिसते. तशी ती दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि केनेथ सॅवित्स्की यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात भाषण करणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा श्रोत्यांना ते कमी घाबरलेले दिसले. आणि गंमत पुढे आहे: ही गोष्ट काही जणांना आधीच समजावून सांगितली, तेव्हा त्यांची भाषणं स्वतःला आणि ऐकणाऱ्यांनाही सरस वाटली. नुसतं ‘काळजी करू नका’ सांगितलेल्यांना तसा फायदा झाला नाही. म्हणजे धीर देण्यापेक्षा माहिती उपयोगी पडली.

तेव्हा ओळीत माहिती घाला. मीराची ओळ: ‘मीरू, आतलं बाहेर दिसत नाही.’

तुम्ही म्हणाल, यात ‘नाही’ आलंच. आलं, पण इथे ते भीतीला दाबत नाही, एक वस्तुस्थिती सांगतं. तरीही खटकत असेल तर ‘त्यांना फक्त शब्द ऐकू येतात’ ही पर्यायी ओळ चालेल. एक मर्यादाही सांगतो. आवाज खरंच कापत असेल तर तो लोकांना थोडा ऐकू येतोच, ओळीने तो लपत नाही. ओळीचं काम एवढंच, की कापणाऱ्या आवाजाकडे लक्ष देत बसण्यापेक्षा तुम्ही बोलण्याकडे वळावं.

तिसरी ओळ, चुकीसाठी

‘विसरले तर?’ हा प्रश्न आहे आणि प्रश्नाला उत्तर मिळत नाही तोवर मन तो पुन्हापुन्हा विचारत राहतं. ‘नाही विसरणार तू’ हे उत्तर खोटं आहे, कुणीही विसरू शकतं. खरं उत्तर कृतीचं असतं. ‘विसरले तर अमुक करीन.’ अशी ‘तर’ असलेली योजना आधी ठरवलेली असली की ऐनवेळी विचार करावा लागत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे.

मीराने लिहिलं: ‘अडकलं तर थांब, कागद बघ, पुढचं बोल.’ मग तिने कागदाची सोय केली. हातातल्या एका कार्डावर पाच मुद्दे, एका ओळीत एक, ठळक अक्षरात. ही पायरी गाळू नका. कागदच नसेल तर ‘कागद बघ’ ही ओळ पोकळ आहे आणि मनाला ते बरोबर कळतं.

कोणती ओळ कधी

तिन्ही ओळी सतत म्हणत राहणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. मग त्यांचा मंत्र होतो आणि अर्थ उडून जातो. प्रत्येकीची वेळ ठरवा.

आदल्या रात्री आणि सकाळी फक्त चुकीसाठीची ओळ. प्रत्येक वेळी दोनदा, आणि लगेच कार्डावर नजर. त्या वेळी शरीर अजून शांत असतं, शरीराची ओळ म्हणून ते उगाच जागं करू नका.

खुर्चीत बसल्यावर, तुमच्या आधी साधारण दहा मिनिटं उरली असताना, लोकांची ओळ. तीन वेळा, मध्ये अंतर ठेवून. या मधल्या वेळात आधीचा वक्ता काय बोलतोय ते खरंच ऐका. एखादा शब्द पकडा. लक्ष बाहेर नेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

शेवटच्या दोन मिनिटांत शरीराची ओळ, कारण धडधड वाढते ती तेव्हा. तीन-चार उच्छ्वास पुरे. धडधड वाढतच जाईल, हेही आधीच माहीत असू द्या. बोलायला सुरुवात करताना धडधड सहसा कमाल पातळीवर असते आणि बोलायला लागल्यावर पहिल्या काही मिनिटांतच उतरायला लागते. मीराने ओळ म्हटली आणि तरी छाती धडधडत राहिली, तर ओळ फसली असं नाही. ओळीकडून तेवढी अपेक्षाच नव्हती.

आणि थांबायचं कुठे

नाव पुकारलं की सगळ्या ओळी बंद. उठताना, चालताना मनात फक्त एक वाक्य म्हणायचं: सादरीकरणाचं पहिलं वाक्य.

माझी तिसरी चूक नेमकी इथेच झाली होती. आतला आवाज आणि बाहेर बोलायची तयारी एकाच जागेतून होते. तिथे एक ओळ फिरत असेल तर दुसरीला जागा मिळत नाही. म्हणून शेवटची जागा भाषणाला मोकळी करून द्यायची. मीराचं पहिलं वाक्य होतं, ‘सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक प्रश्न होता आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं.’ ते तिने पाठ केलं. फक्त तेच एक वाक्य, बाकी भाषण नाही. पूर्ण भाषण पाठ केलं की एक शब्द घसरला तरी साखळी तुटते.

उठून माइकपर्यंत दहा-बारा पावलं असतील तर ते वाक्य दोनदा म्हणून होतं. पोचल्यावर थांबा, एक श्वास सोडा आणि आता तेच वाक्य मोठ्याने. जे आत चाललं होतं तेच बाहेर येतं, त्यामुळे सुरुवात कोऱ्या डोक्याने होत नाही.

सराव, तोही धडधड असताना

ओळी शांत खोलीत पाठ केल्या तर त्या शांत खोलीतच आठवतात. अमेरिकी-कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाउम यांनी 1970च्या दशकात तणावासाठी स्वतःशी बोलण्याची जी पद्धत बसवली तिच्यात तयारी, सामना, भीती अंगावर आल्याची वेळ आणि नंतरचा काळ अशा टप्प्यांसाठी वेगळी वाक्यं होती, आणि ती थोड्या ताणाखाली घोकून बसवायची होती. घरी याची साधी नक्कल होते: जिन्यावरून दोन मजले भरभर चढा, छाती धडधडू लागली की लगेच शरीराची ओळ म्हणा, मग चालत जाऊन पहिलं वाक्य मोठ्याने बोला. दिवसातून तीन वेळा, दोन दिवस. गुडघे किंवा हृदय याची परवानगी देत नसेल तर एकाच माणसासमोर उभं राहून करा, तेवढ्यानेही छाती धडधडते.

सरावात ओळ दमलीय हे कसं ओळखायचं? म्हणताना तिचा अर्थ मनात उमटत नाही, फक्त ध्वनी उरतो. किंवा ओळ संपायच्या आत मन ‘पण…’ म्हणून सुरू होतं. पहिलं झालं तर एक शब्द बदला. ‘अंग जागं झालंय’ऐवजी ‘अंग तयार आहे’. दुसरं झालं तर ओळ खोटी आहे, ‘पण’ नंतर काय आलं ते ऐका आणि तेच ओळीच्या पहिल्या अर्ध्यात मान्य करा. मीराचं ‘धडधडू दे’ तिथूनच आलं.

एक वेगळी गडबडही होते. काही जण ओळींची मोजणी करायला लागतात, तीनच झाल्या की चार, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. असं होत असेल तर आकडे टाकून द्या, एकदाच म्हणा आणि समोरच्या भिंतीवर काय आहे ते बघा.

नंतरची ओळ

मीराचं बोलणं झालं. सातव्या मिनिटाला ती अडकली, थांबली, कार्ड बघितलं आणि ‘मुद्दा क्रमांक चार’ म्हणून पुढे गेली. तिच्या मते तो थांबा मिनिटभराचा होता. मागे बसलेल्या मैत्रिणीने सांगितलं, चार-पाच सेकंद असेल.

जागेवर परतल्याबरोबर मन लगेच हिशेब मांडायला बसतं आणि पहिली नोंद थांब्याचीच करतं. त्यासाठी एक ओळ आधीच तयार ठेवलेली असावी. ती कामाबद्दलची असू द्या, स्वतःबद्दलची नको: ‘मीरू, ठरवलेलं केलंस. बाकी उद्या.’ आणि खरंच उद्याच. दुसऱ्या दिवशी तोच कागद काढून बघा, कोणती ओळ आठवली आणि कोणती आठवलीच नाही. मीराला लोकांची ओळ एकदाही आठवली नव्हती. पुढच्या वेळी तिने ती टाकून दिली आणि दोनच ठेवल्या.

बोलण्याच्या विचारानेच आठवडे झोप उडत असेल, त्यामुळे संधी टाळल्या जात असतील किंवा अचानक श्वास कोंडून आता जीव जातो असं वाटत असेल, तर ओळींवर विसंबून राहू नका, समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तिथेही अशा ओळी वापरल्या जातात, पण सोबत आणखी बरंच काही असतं. आणि ज्यांची तयारीच झालेली नाही त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच ओळ आहे: ‘पाच मुद्दे लिही.’